माहिती अधिकाराच्या अर्जात नेमकं काय मागता येतं? (गावातल्या काँक्रीट रस्त्याच्या निमित्ताने)

गावकूस
मंडळी, आमच्या ग्रामपंचायतीने मंदिर ते शाळा असा साधारण १२० मीटरचा काँक्रीट रस्ता केला. पहिल्याच पावसाळ्यात वरचा थर गेला आणि खडी उघडी पडली. मी माहिती अधिकारात अर्ज टाकला. त्यात तीन गोष्टी विचारल्या होत्या: रस्ता एवढ्या लवकर का खराब झाला, याला जबाबदार कोण, आणि ठेकेदारावर कारवाई कधी करणार? सत्ताविसाव्या दिवशी एका ओळीचं उत्तर आलं: "आपण मागितलेली माहिती प्रश्नार्थक स्वरूपाची असल्याने देता येत नाही." हे उत्तर कायद्यात बसतं का? आणि बसत असेल तर मग मागायचं तरी काय?

सरळवाट
बसतं. माहिती अधिकारात प्रश्न विचारायचेच नसतात. अर्जात 'का', 'कसे', 'कधी' आलं की अर्ज बाद. प्रश्नचिन्ह सुद्धा टाकू नका. फक्त "प्रती मिळाव्यात" एवढंच लिहायचं.

जुना_टिपणीस
सरळवाट, तुमचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. उरलेलं अर्धं लोकांना माहीत नसतं आणि कार्यालयं त्याचाच आधार घेतात, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

कायद्याने माहिती म्हणजे कार्यालयाकडे कोणत्याही रूपात असलेलं साहित्य. अभिलेख, आदेश, परिपत्रकं, करार, अहवाल, नोंदवह्या, ई-मेल, एवढंच काय, अधिकाऱ्याने फाईलवर दिलेला अभिप्राय आणि सल्लासुद्धा त्यात येतो. कसोटी एकच: ती गोष्ट आज त्या कार्यालयाच्या ताब्यात किंवा नियंत्रणात आहे का? असेल तर द्यावी लागते. नसेल तर तुमच्यासाठी नव्याने तयार करून देण्याचं बंधन त्यांच्यावर नाही. सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये परीक्षेच्या उत्तरपत्रिकांच्या प्रकरणात हे स्पष्ट सांगितलं आहे. त्याआधी २००८ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने म्हटलं होतं की एखादी गोष्ट 'का' केली किंवा 'का' केली नाही याचं समर्थन माहिती अधिकाऱ्याकडून मागता येत नाही.

म्हणजे "रस्ता का खराब झाला?" असं विचारलंत तर तुम्ही ग्रामसेवकाचं मत मागताय. ते कुठल्याही कागदावर नाही, म्हणून देणार नाहीत. पण कोणी अभियंता रस्ता बघून गेला असेल आणि त्याने पाहणी अहवाल लिहिला असेल, तर त्यात 'का' लिहिलेलंच असतं. "सदर रस्त्याच्या पाहणीचे सर्व अहवाल व त्यावरील टिपण्या" असं मागितलंत तर तेच उत्तर साक्षांकित होऊन तुमच्या हातात येतं.

प्रश्नचिन्हाने अर्ज बाद होतो हे मात्र कुठेही लिहिलेलं नाही. "या कामाची एकूण किती रक्कम अदा झाली?" हा प्रश्नच आहे, पण उत्तर नोंदवहीत आहे. ते द्यावंच लागतं. तुमच्या तीन मुद्द्यांपैकी "जबाबदार कोण" यालासुद्धा सरसकट नकार चालत नाही. कामावर देखरेखीसाठी नेमलेल्या अभियंत्याचं नाव आणि पदनाम नोंदींत असतं. दोष कोणाचा हे ठरवून मागू नका, काम कोणाच्या देखरेखीखाली झालं एवढं मागा.

शिवाय नकार देताना त्यांनी कारण, अपील किती दिवसांत करायचं आणि कोणाकडे करायचं हे लिहिणं बंधनकारक आहे. तुमच्या एका ओळीच्या पत्रात ते नसेल तर पत्रातच त्रुटी आहे.

वहिवाट
हे सगळं ठीक आहे, पण रस्ता दुरुस्त करून घ्यायला अर्ज कसा लिहायचा? आमच्याकडे पण हाच त्रास आहे. माहिती अधिकार टाकला की घाबरून काम करतात असं ऐकलंय.

जुना_टिपणीस
वहिवाट, हा तक्रारीचा अर्ज नव्हे. "दुरुस्त करा", "कारवाई करा", "चौकशी करा" यातलं काहीही या कायद्याखाली मागता येत नाही. आयोगाकडे गेलात तरी आयोग रस्ता दुरुस्त करायचा आदेश देत नाही. क्रम असा ठेवा. आधी गटविकास अधिकाऱ्यांकडे साधी लेखी तक्रार करा आणि पोच घ्या. महिनाभराने माहिती अर्जात मागा: "माझ्या अमुक तारखेच्या, अमुक आवक क्रमांकाच्या तक्रारीवर झालेल्या कार्यवाहीच्या टिपण्या, पत्रव्यवहार आणि ती आज कोणत्या टेबलावर आहे त्याची नोंद." तक्रारीवर काहीच झालं नसेल तर तसं त्यांना लिहून द्यावं लागतं. ते पत्र पुढच्या तक्रारीला जोडता येतं.

मोजपट्टी
बांधकाम बाजूने थोडं लिहितो, कारण रस्त्याच्या अर्जात लोक कागदांची नावं चुकवतात आणि मग भलतेच कागद मिळतात. "रस्त्याची सर्व माहिती मिळावी" असं लिहिलं की ठरावाची प्रत आणि निधीचं पत्र हातात ठेवतात. खरा कागद म्हणजे मोजमाप पुस्तिका, बोलीभाषेत एमबी. शाखा अभियंता काम मोजतो आणि लांबी, रुंदी, जाडी त्यात लिहितो. त्याखाली सही आणि तारीख असते, आणि बिल त्यावरूनच निघतं. पैसे एमबीवर निघतात, अंदाजपत्रकावर नाही. म्हणून दोन्ही हवेत: अंदाजपत्रक सांगतं काय व्हायला हवं होतं, एमबी सांगते काय झालं म्हणून पैसे दिले.

गावकूस यांचा रस्ता १२० मीटर लांब आहे. रुंदी ३ मीटर आणि जाडी १५ सेंमी धरू. १२० × ३ × ०.१५ म्हणजे ५४ घनमीटर काँक्रीट. एमबीत हा आकडा असेल. आता प्रत्यक्षात जाडी १० सेंमीच असेल तर काँक्रीट ३६ घनमीटर पडलं, म्हणजे १८ घनमीटरचे पैसे न केलेल्या कामाचे गेले. एम-२० काँक्रीट १:१॥:३ प्रमाणाने केलं तर घनमीटरला साधारण आठ पोती सिमेंट लागतं. १८ घनमीटर म्हणजे जवळपास दीडशे पोती. लांबी-रुंदीत कोणी खोटं लिहीत नाही, कारण ती टेपने कोणीही मोजतो. खोट असली तर ती जाडीत आणि मिश्रणात असते.

दुसरा कागद ठोकळ्यांच्या चाचणीचा. काँक्रीट ओतताना १५ सेंमीचे ठोकळे भरतात, पाण्यात ठेवतात आणि २८ दिवसांनी प्रयोगशाळेत दाबून फोडतात. एम-२० ला २८ दिवसांची ताकद चौरस मिलिमीटरला २० न्यूटन अपेक्षित असते. या अहवालात सरासरीच्या आधी तारखा बघा. ठोकळा भरल्याची तारीख कार्यारंभ आदेशाच्या आधीची आहे का? भरणं आणि फोडणं यात खरंच २८ दिवस आहेत का? भरल्याच्या तारखेला एमबीप्रमाणे काँक्रीटचं काम चालू होतं का? हे तीन प्रश्न कागदावरच सुटतात, त्यासाठी अभियंता असायची गरज नाही.

गावकूस
मोजपट्टी, हे फार उपयोगाचं आहे. पण ग्रामसेवक म्हणतात एमबी आमच्याकडे नसते.

मोजपट्टी
ते खरं असू शकतं. तांत्रिक काम पंचायत समितीच्या ठिकाणचा जिल्हा परिषदेचा बांधकाम उपविभाग बघतो. एमबी शाखा अभियंत्याकडे किंवा उपअभियंत्याच्या कार्यालयात असते. ग्रामपंचायतीकडे ठराव, कार्यारंभ आदेश, प्रमाणकं आणि रोकडवही असते.

जुना_टिपणीस
पण "आमच्याकडे नसते" एवढं सांगून ग्रामसेवकांची सुटका होत नाही. माहिती दुसऱ्या प्राधिकरणाकडे असेल तर अर्जाचा तेवढा भाग ५ दिवसांत तिकडे पाठवून तुम्हाला कळवायचं, असं कलम ६(३) सांगतं. हस्तांतराने वेळ जातोच, म्हणून मी दोन अर्ज सुचवेन: एक ग्रामपंचायतीकडे, एक बांधकाम उपविभागाकडे. दहा रुपये जास्त जातील, महिना वाचेल.

शेवंता
मध्येच विचारते, माफ करा. माझ्या सासऱ्यांचा श्रावणबाळ योजनेचा अर्ज तहसीलला देऊन आठ महिने झाले. विचारायला गेलं की "समितीपुढे आहे" सांगतात. इथे पण कागदच मागायचे का? "मंजूर का होत नाही" असं विचारायचं होतं.

जुना_टिपणीस
शेवंताताई, इथेही कागदच, पण कागद वेगळे. आवक नोंदवहीतली त्यांच्या अर्जाची नोंद, अर्ज आजवर कोणत्या कर्मचाऱ्याकडे किती दिवस होता त्याची माहिती, त्यावरच्या टिपण्या, आणि मधल्या काळात समितीची बैठक झाली असेल तर त्यांच्या प्रकरणापुरतं इतिवृत्त.

तुमचा 'का' मात्र पूर्ण वाया जात नाही. अर्ज नामंजूर झाला असेल तर प्रशासकीय निर्णयाची कारणं बाधित व्यक्तीला देणं हे कलम ४(१)(घ) नुसार कार्यालयाचं कर्तव्यच आहे. बाधित व्यक्ती सासरे आहेत, म्हणून अर्ज त्यांच्या नावाने आणि सहीने करा. तुमच्या नावाने केलात तर वैयक्तिक माहिती म्हणून नाकारायला निमित्त मिळतं.

शेवंता
सासऱ्यांना लिहिता येत नाही, अंगठा चालेल का?

जुना_टिपणीस
चालतो. मजकूर तुम्ही लिहा, खाली अंगठा आणि साक्षीदाराची सही ठेवा. लिहिता येत नसेल तर तोंडी विनंती लेखी स्वरूपात उतरवून घ्यायला माहिती अधिकाऱ्यानेच मदत करावी, असंही कायद्यात आहे. कुटुंब दारिद्र्यरेषेखालील असेल तर दाखल्याची प्रत जोडा, दहा रुपयेही लागत नाहीत.

गावकूस
मी दोन्ही कार्यालयांसाठी नव्याने अर्ज करतोय. महाराष्ट्रात १५० शब्दांची मर्यादा आहे ना? मग हे सगळं त्यात कसं बसवायचं?

जुना_टिपणीस
आहे. २०१२ पासून राज्याच्या नियमात दोन गोष्टी आल्या: एका अर्जात एकच विषय, आणि मजकूर साधारणपणे १५० शब्दांच्या आत. 'साधारणपणे' हा शब्द नियमातच आहे, त्यामुळे १६० शब्द झाले म्हणून अर्ज फेकून देता येत नाही. विषय दोन असतील तर मात्र पहिल्या विषयाचं उत्तर देऊन बाकीसाठी वेगळा अर्ज करा असं सांगू शकतात. एका रस्त्याचे सगळे कागद हा एकच विषय. "हा रस्ता आणि पाणीपुरवठा" हे दोन.

मर्यादेत बसवायचं तर गाऱ्हाणं काढून टाका. "आमच्या गावावर कसा अन्याय होतोय" हे लिहिण्यात निम्मे शब्द जातात. माहिती कशासाठी हवी हे सांगायचं बंधनच नाही, आणि त्यांनाही विचारायचा अधिकार नाही. बांधकाम उपविभागाकडे असा मजकूर पुरेल (जोडपत्र 'अ' मध्ये):

> विषय: मौजे … येथील मंदिर ते जि. प. शाळा काँक्रीट रस्ता.
> कालावधी: प्रशासकीय मान्यतेच्या दिनांकापासून या अर्जाच्या दिनांकापर्यंत.
> आवश्यक माहिती: सदर कामाच्या पुढील अभिलेखांच्या साक्षांकित प्रती:
> १) तांत्रिक मान्यता व अंदाजपत्रक.
> २) मोजमाप पुस्तिकेतील या कामाची सर्व पाने.
> ३) काँक्रीट व साहित्याच्या चाचण्यांचे अहवाल.
> ४) देखरेखीसाठी नियुक्त अभियंत्याचे नाव, पदनाम व त्यांच्या भेटींच्या नोंदी.
> ५) काम पूर्णत्वाचा दाखला व दोष दायित्व कालावधी नमूद असलेली करारातील पाने.
> ६) काम पूर्ण झाल्यानंतरचे पाहणी अहवाल, टिपण्या व ठेकेदाराशी झालेला पत्रव्यवहार.
> तसेच सदर कामाच्या मूळ नस्तीचे व मूळ मोजमाप पुस्तिकेचे निरीक्षण करावयाचे आहे. दिनांक व वेळ कळवावी.
> यांपैकी कोणताही अभिलेख उपलब्ध नसल्यास मुद्दानिहाय तसे लेखी कळवावे.

शेवटची ओळ विसरू नका. चाचणी अहवाल नसेल तर "मुद्दा ३: अभिलेखावर उपलब्ध नाही" असं लिहून येईल. म्हणजे चाचणीशिवाय बिल दिलं हे त्यांच्याच सहीने नोंद झालं. अनेकदा या एका ओळीचं वजन मिळालेल्या शंभर पानांपेक्षा जास्त असतं.

पाचवा मुद्दाही महत्त्वाचा. दोष दायित्व कालावधी संपलेला नसेल तर दुरुस्ती ठेकेदाराच्या खर्चाने करून घ्यायची असते. वहिवाट, तुमचा रस्ता दुरुस्त व्हायची वाट इथून जाते. करारातलं ते पान मिळवा आणि मग तक्रार करा.

सरळवाट
निरीक्षण कशाला? प्रती मिळाल्या की काम झालं. उगाच कार्यालयात जाऊन बसा.

मोजपट्टी
एमबीच्या बाबतीत मूळ पुस्तिका बघण्यासारखं दुसरं काही नाही. झेरॉक्समध्ये शाईचा फरक, खाडाखोड, मधे घुसवलेली ओळ, वेगळ्या पेनाने बदललेला आकडा काहीच कळत नाही. पुस्तिकेची पानं छापील क्रमांकाची असतात, नोंदी तारखेच्या क्रमाने जातात. तुमच्या कामाच्या आधीच्या पानावरची तारीख नंतरची असेल तर नोंद मागाहून केली आहे. हे प्रतीत दिसणार नाही, कारण तुम्हाला फक्त तुमच्या कामाची पानं देतील.

जुना_टिपणीस
आणि निरीक्षण स्वस्त आहे. राज्याच्या नियमाने पहिला तास फुकट, पुढे दर पंधरा मिनिटांना ५ रुपये. प्रतींना पानामागे २ रुपये. फाईल चाळून हवी तेवढीच पानं खुणावली तर दोनशे पानांच्या जागी वीस पानांचे पैसे भरावे लागतात. सोबत फक्त पेन्सिल नेता येते, पेन बाहेर ठेवायला सांगतात. तो नियम आहे, त्यावरून वाद घालू नका. निघताना काय दाखवलं, किती पानांची नस्ती होती, काय दाखवलं नाही हे एका कागदावर लिहून दोघांच्या सह्या घ्या. २०१८ च्या शासन परिपत्रकाप्रमाणे जिल्हास्तरीय कार्यालयं आणि स्थानिक स्वराज्य संस्थांत दर सोमवारी दुपारी ३ ते ५ अभिलेख बघायला खुले ठेवायचे आहेत. बरीच कार्यालयं हे पाळत नाहीत, म्हणून अर्जात निरीक्षण लिहिलेलं बरं.

पायवाट
रस्त्याचा तुकडा काढून तपासायला देता येतो का? कायद्यात 'नमुने' हा शब्द आहे असं वाचलंय.

जुना_टिपणीस
शब्द आहे. माहितीच्या अधिकारात चार गोष्टी येतात: काम, कागद आणि अभिलेख यांची पाहणी, टिपणं, उतारे आणि साक्षांकित प्रती, साहित्याचे प्रमाणित नमुने, आणि संगणकातली माहिती त्याच रूपात मिळणं. यातली तिसरी फार थोडे लोक वापरतात. अर्जात लिहा: "सदर रस्त्याच्या काँक्रीटचा प्रमाणित नमुना मिळावा, नमुना अर्जदाराच्या उपस्थितीत घेऊन मोहोरबंद करावा व त्यावर ठिकाण, दिनांक आणि दोन्ही पक्षांच्या सह्या असाव्यात." खर्च तुमच्याकडून मागू शकतात. स्वतः जाऊन पहारीने तुकडा काढू नका. सार्वजनिक मालमत्तेच्या नुकसानीची तक्रार होईल, आणि त्या तुकड्याला पुरावा म्हणून किंमतही राहणार नाही.

मोजपट्टी
इथे माझं थोडं वेगळं मत आहे. हातात मावेल असा उखडलेला तुकडा चाचणीला उपयोगाचा नाही. ताकद काढायची तर यंत्राने गोल गाभा कापून काढावा लागतो, त्याला कोअर म्हणतात. त्यातून जाडीही कळते. पण त्याने रस्त्याला भोक पडतं. ते बुजवायचं कोणी, यंत्र कोणाचं, खर्च किती, हे कुठेच ठरलेलं नाही. अशा मागणीला कार्यालय सहसा "नमुना धारण केलेला नाही" म्हणून नकार देतं. काम चालू असताना पडलेल्या वाळू-खडीचा नमुना मागणं वेगळं आणि पूर्ण झालेला रस्ता कापायला सांगणं वेगळं.

जुना_टिपणीस
रस्ता त्यांच्या नियंत्रणात आहे, मग नमुना 'धारण केलेला नाही' हे मला पटत नाही. कायद्यात कामाची पाहणी आणि साहित्याचा नमुना हे एकाच व्याख्येत आहेत. व्यवहारात अडतं हे मात्र मान्य.

मोजपट्टी
जाडीपुरतं बोलायचं तर पाहणीत काम भागतं. "कामाची पाहणी अभियंत्याच्या उपस्थितीत करावयाची आहे" असं मागा. कडेची माती दोन-तीन ठिकाणी बाजूला केली की स्लॅबची कड दिसते, पट्टी लावा आणि फोटो घ्या. एक ध्यानात ठेवा: फळ्या लावलेल्या असतात म्हणून कडेला जाडी बरोबर असते, मधे जमिनीचा उंचवटा राहिला तर तिथे कमी भरते. कड १५ सेंमी मिळाली म्हणजे सगळा रस्ता १५ सेंमी आहे असं होत नाही. कडच १० मिळाली तर मात्र बोलायला जागा उरत नाही.

पायवाट
ठेकेदाराने हरकत घेतली तर? आमच्या ओळखीच्या एका अर्जात "त्रयस्थ पक्षाने संमती दिली नाही, माहिती नाकारण्यात येते" असं आलं होतं.

जुना_टिपणीस
संमती हा शब्दच चुकीचा. त्रयस्थ पक्षाला ५ दिवसांत नोटीस द्यायची, त्याला म्हणणं मांडायला १० दिवस द्यायचे आणि मग माहिती अधिकाऱ्याने स्वतः निर्णय करायचा. ठेकेदाराचं म्हणणं विचारात घ्यायचं असतं, त्याच्या हातात नकाराधिकार नाही. शिवाय ही नोटीस त्याने गोपनीय म्हणून दिलेल्या माहितीपुरती आहे. अभियंत्याने लिहिलेली एमबी ही ठेकेदाराची माहितीच नव्हे.

सरळवाट
पण आता नवा बदल झालाय ना? वैयक्तिक माहिती काहीच मिळणार नाही म्हणतात. मग ठेकेदाराचं नाव, अभियंत्याचं नाव, सगळंच गेलं.

जुना_टिपणीस
बदल झाला आहे हे खरं. विदा संरक्षणाच्या २०२३ च्या कायद्याने कलम ८(१)(ञ) बदललं आणि तो बदल नोव्हेंबर २०२५ मध्ये लागू झाला. आधी वैयक्तिक माहिती नाकारायला तिचा सार्वजनिक कामाशी संबंध नाही किंवा खासगीपणावर विनाकारण घाला येतो हे दाखवावं लागे. आता तिथे 'वैयक्तिक माहिती' एवढंच उरलं आहे. हे नुकसान मोठं आहे, त्याबद्दल दुमत नको.

तरी दोन दारं उघडी आहेत. कलम ८(२) तसंच आहे: लोकहित जास्त असेल तर सूट असलेली माहितीही देता येते. आणि कलम १० प्रमाणे कागदातला नाकारण्याजोगा भाग झाकून उरलेला द्यावा लागतो. प्रमाणकावर ठेकेदाराचा बँक खाते क्रमांक असेल तर तेवढ्यावर काळी पट्टी मारतील. अख्खं प्रमाणक रोखता येणार नाही. अधिकाऱ्यांची नावं आणि पदं तर कार्यालयाने स्वतःहून प्रसिद्ध करायच्या यादीतच आहेत.

पायवाट
ठेकेदार व्यक्ती असेल, संस्था नसेल, तरी नाव देतील?

जुना_टिपणीस
कार्यारंभ आदेश हा सार्वजनिक पैशाचा करार आहे, माझ्या मते द्यायला हवं. पण नव्या मजकुरावर ठिकठिकाणी वेगवेगळे अर्थ लावले जातील. म्हणून अर्जातच एक वाक्य घाला: "माहिती सार्वजनिक निधीच्या खर्चाशी संबंधित असून कलम ८(२) चा विचार व्हावा." कारण सांगायचं बंधन नसलं तरी इथे सांगितलेलं फायद्याचं.

गावकूस
दिवस कसे मोजायचे तेवढं सांगा. मागच्या वेळी गोंधळ झाला. आणि तीस दिवसांत नाही आलं तर थेट आयोगात जायचं ना?

सरळवाट
हो, तीस दिवस झाले की आयोग.

जुना_टिपणीस
नाही, आधी पहिलं अपील. समजा अर्ज १ जूनला पोचला. ३० दिवस १ जुलैला संपतात. २१ जूनला त्यांनी "४६ पानांचे ९२ रुपये भरा" असं पत्र रवाना केलं, तर घड्याळ थांबतं. तुम्ही २८ जूनला पैसे भरले की पुन्हा चालू होतं. उरलेले १० दिवस धरून ८ जुलैपर्यंत माहिती यायला हवी. हे पैशांचं पत्र १ जुलैनंतर निघालं तर पैसेच मागता येत नाहीत, मुदत हुकली की माहिती फुकट. म्हणून पाकीट फेकू नका, त्यावरच्या शिक्क्याची तारीख हाच पुरावा.

मुदत संपल्यापासून किंवा नकार हातात आल्यापासून ३० दिवसांत पहिलं अपील करा, जोडपत्र 'ब', २० रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प. ते ३० दिवसांत, फार तर ४५ दिवसांत निकाली निघायला हवं. नाही निघालं किंवा निकाल पटला नाही तर ९० दिवसांत राज्य माहिती आयोगाच्या तुमच्या खंडपीठाकडे दुसरं अपील. थेट आयोगाकडे कलम १८ खाली तक्रार करता येते, पण त्यात दंडाची कार्यवाही होते, माहिती देण्याचा आदेश मिळत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्येच स्पष्ट केलं आहे. तुम्हाला कागद हवे आहेत, म्हणून अपीलच.

गावकूस, तुमच्या त्या एका ओळीच्या पत्राला ३० दिवस झालेत का?

गावकूस
पत्र मिळून १९ दिवस झालेत.

जुना_टिपणीस
मग दोन्ही करा. अपील "जबाबदार कोण" याच मुद्द्यापुरतं ठेवा: देखरेख करणाऱ्या अभियंत्याचं नाव अभिलेखावर आहे, ते न देता सरसकट नकार दिला आणि पत्रात अपिलाचा तपशील दिला नाही. अपिलात नवे कागद मागू नका. मूळ अर्जात नव्हतं ते अपिलात मिळत नाही, तिथेच बहुतेक अपिलं पडतात. नवे कागद नव्या अर्जात.

वहिवाट
अर्ज ऑनलाइन करता येतो ना? rtionline.maharashtra.gov.in वर?

मोजपट्टी
येतो, पण यादीत तुमचं नेमकं कार्यालय आहे का ते आधी बघा. ग्रामपंचायतीसाठी हाताने दिलेला अर्ज आणि दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का, किंवा नोंदणीकृत टपाल, हेच खात्रीचं. दहा रुपयांचा कोर्ट फी स्टॅम्प अर्जावर चिकटवा.

पायवाट
आणि "फाईल सापडत नाही" असं उत्तर आलं तर?

जुना_टिपणीस
सापडत नाही ही कायद्यातली सूट नव्हे. माहिती नाकारायची कारणं कलम ८ आणि ९ मध्येच आहेत, त्यात गहाळ होणं नाही. पहिल्या अपिलात मागा: शोध घेतल्याचा अहवाल, नस्ती शेवटची कोणाच्या ताब्यात होती त्याची नोंद, आणि अभिलेख नष्ट केले असतील तर नष्ट केल्याची यादी व आदेश. महाराष्ट्राचा सार्वजनिक अभिलेख कायदा २००५ चा आहे, नियमबाह्यपणे अभिलेख नष्ट केल्यास पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते. अपिलात या कायद्याचा उल्लेख करा.

मोजपट्टी
एमबीच्या बाबतीत आणखी एक. पुस्तिकांची नोंदवही वेगळी असते, कोणत्या क्रमांकाची पुस्तिका कोणत्या अभियंत्याला कधी दिली आणि कधी परत आली याची. पुस्तिका गहाळ म्हणाले तर त्या नोंदवहीतलं पान मागा. आणि बिलावर एमबीचा क्रमांक व पान क्रमांक लिहिलेला असतो. ग्रामपंचायतीकडून आलेल्या देयकाच्या प्रतीवर तो बघून घ्या, मग उपविभागाला "कोणती पुस्तिका" असं विचारायला जागा उरत नाही.

गावकूस
म्हणजे ग्रामपंचायतीच्या अर्जात देयक आणि प्रमाणकाची प्रत मागतो, आणि उपविभागाकडे वरचा मसुदा. निरीक्षणाला मोजपट्टीसारखं कोणी जाणकार सोबत नेता येईल का?

मोजपट्टी
मदतनीस नेण्याबद्दल कार्यालयं वेगवेगळं वागतात. अर्जातच "सोबत एक सहायक असेल" असं लिहून ठेवा, आयत्या वेळी दारात वाद होणार नाही. नाहीच जाऊ दिलं तर एवढं टिपून आणा: काँक्रीटच्या बाबीसमोरची लांबी, रुंदी, जाडी, मोजमापाची तारीख, आणि त्याच्या लगेच आधीच्या व नंतरच्या पानावरच्या तारखा. बाकी हिशोब इथे टाका, मिळून बघू.